चढाईआधीचा हिशेब: रिस्कमध्ये हल्ला कधी करावा आणि मागे किती ठेवावं

समजा तुमच्या सात तुकड्या चढाईला मोकळ्या आहेत आणि शेजारच्या प्रदेशात तीन उभ्या आहेत. जावं का? नवा खेळाडू म्हणतो, सात म्हणजे दुपटीहून जास्त, जायलाच हवं. मुरलेला खेळाडू आधी वेगळंच विचारतो: जिंकलो तर हातात किती उरतील, आणि तेवढ्यात शेजारी मला तिथे टिकू देईल का? गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांना एकच आकडेमोड पुरते. ती तोंडी जमते. कागद लागत नाही आणि इतरांना ताटकळत बसावंही लागत नाही.

हा लेख नेहमीच्या रिस्क या पटावरच्या खेळाबद्दल आहे: फ्रान्समध्ये १९५७ साली आलेला, ४२ प्रदेशांच्या जगाच्या नकाशावरचा. हल्ला करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, बचाव करणाऱ्याला दोन, आणि बरोबरी झाली तर बचाववाला जिंकतो. तुमच्या घरी नियम बदलून खेळत असाल तर आधी बरोबरीचा नियम तपासा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. ऑनलाइन खेळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये फासे खरोखरचे आहेत की ‘समतोल’ केलेले, हेही पाहून घ्यावं. इथले आकडे खऱ्या फाशांचे आहेत.

आधी ‘मोकळे’ मोजा

प्रदेशात दिसतात तेवढ्या तुकड्या लढायला मिळत नाहीत. एक कायम मागे राहते. म्हणून प्रदेशात आठ असतील तर मोकळ्या सात, चार असतील तर मोकळ्या तीन. तीन फासे टाकायला किमान तीन मोकळ्या लागतात, म्हणजे प्रदेशात किमान चार. बचाववाल्याला असली वजाबाकी नाही. त्याच्या सगळ्या तुकड्या लढतात.

नव्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात. ‘माझे पाच, त्याचे चार’ म्हणून सरसावायचं, आणि प्रत्यक्षात लढाई चाराला चार असते. यापुढे ‘मोकळे’ म्हटलं की ही एक वजा केलेली आहे, असं समजा.

फासे कोणाच्या बाजूने आहेत

सर्वांत साधी लढत घ्या: त्याचा एक फासा, माझा एक. एकूण ३६ शक्यता. त्यांतल्या सहा बरोबरीच्या, उरलेल्या तीस दोघांत निम्म्या निम्म्या. बरोबरी बचावाची, म्हणून बचाव २१ आणि हल्ला १५. म्हणजे हल्लेखोर शंभरात ४२ वेळाच जिंकतो. एका फाशाने हल्ला करणं हा तोट्याचा धंदा आहे, तो याच सहा बरोबऱ्यांमुळे.

आता हल्लेखोराला दोन फासे द्या. बचावाला ४ पडले, तर बचाव कधी टिकेल? माझे दोन्ही फासे ४ किंवा त्याखाली पडले तरच. ते १६ प्रकारे घडतं, चार गुणिले चार. तसंच त्याला १ पडला तर एक प्रकारे, २ पडले तर चार, ३ ला नऊ, ५ ला पंचवीस, ६ ला छत्तीस. बेरीज ९१, एकूण शक्यता २१६. बचाव शंभरात ४२ वेळा टिकतो, हल्ला ५८ वेळा जिंकतो. तीन फासे असतील तर वर्गाऐवजी घन घ्या: बेरीज ४४१, एकूण १२९६, आणि हल्ला ६६ वर जातो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार मजा वाटली होती, म्हणून सांगितलं. खेळताना एवढं लागत नाही.

खेळताना लक्षात ठेवायची लढत म्हणजे तिनाला दोन, कारण बहुतेक चढाया त्यातच जातात. सर्वांत मोठा फासा सर्वांत मोठ्याशी भिडतो, दुसरा दुसऱ्याशी, आणि दर फेकीला मिळून दोन तुकड्या जातात. शंभर फेकींत साधारण ३७ वेळा बचावाच्या दोन्ही जातात, ३४ वेळा दोघांची एकेक जाते आणि २९ वेळा हल्लेखोराच्या दोन्ही जातात. म्हणजे तिसरा फासा आहे तोवर हल्लेखोराचं पारडं किंचित जड असतं. फार नाही, किंचित. तोच हल्लेखोर दोन फाशांवर आला की चित्र उलटतं: दोनाला दोन लढतीत ४५ वेळा त्याच्या दोन्ही जातात आणि २३ वेळाच बचावाच्या दोन्ही.

फरकाची शिडी

एकेका फेकीची शक्यता कळून फार उपयोग नाही. प्रदेश मिळेपर्यंत लढत राहिलो तर काय होईल, हे हवं. ते शेवटाकडून मागे मागे मोजत काढता येतं आणि त्याचे लांबलचक तक्ते आहेत. पण तक्ता पाठ करायची गरज नाही. समोर तीन ते सहा तुकड्या असतील, आणि बहुतेक महत्त्वाच्या लढाया तिथेच असतात, तर फक्त फरक पाहिला तरी भागतं. माझ्या मोकळ्या वजा त्याच्या सगळ्या:

- फरक शून्य: साधारण निम्मी शक्यता (४७ ते ५२ टक्के)
- फरक एक: ६४ टक्के
- फरक दोन: चारांत तीन वेळा
- फरक तीन: ८१ ते ८६ टक्के
- फरक चार: ८६ ते ९१ टक्के

फरक एकचा आकडा तर विलक्षण स्थिर आहे. चाराला तीन, पाचाला चार, सहाला पाच, सातला सहा, सगळीकडे ६४. समोर दोनच असले तरी फरक एक किंवा त्याहून जास्त असताना हीच शिडी जवळपास चालते. फक्त दोनाला दोन मात्र ३६ टक्केच, कारण तिथे तिसरा फासाच नाही.

सैन्य मोठं झालं की तिसऱ्या फाशाचा किंचित फायदा साठत जातो. दहाला दहा लढलात तर हल्लेखोर ५७ वेळा जिंकतो. म्हणून ‘बरोबरीचं सैन्य असेल तर बचाव भारी’ हा समज पाचच्या खाली खरा आणि पाचपासून वर खोटा.

किती फरकाला जावं? माझा स्वतःचा नियम असा: पाळीत एखादा प्रदेश जिंकला की जे कार्ड मिळतं, नुसतं तेवढ्यासाठी जायचं असेल तर फरक दोन पुरे. खंड पूर्ण करायचा किंवा कोणाचा मोडायचा असेल तर तीन. आणि हरलो तर माझी सीमाच उघडी पडणार असेल, तर चाराखाली मी हात घालत नाही.

एक मात्र ध्यानात असू द्या. ८३ टक्के फार वाटतात, पण एकाच पाळीत अशा तीन चढाया एकामागून एक जिंकायच्या असतील तर तिन्ही साधण्याची शक्यता सत्तावन्नावर येते. बेतात जितक्या पायऱ्या, तितका तो तकलादू.

किंमत मोजा

जिंकण्याची शक्यता कळली, पण त्यात जाणार किती? तीन फासे टाकत राहिलो असं धरलं, तर एकट्या तुकडीला हटवायला सरासरी अर्धी तुकडी खर्च होते. दोन तुकड्यांना दीड. तिघींना सव्वादोनच्या थोडं वर. चार ते सातच्या दरम्यान सोपा ठोकताळा: समोर जितक्या, त्याहून एक कमी. चाराला तीन, पाचाला चार, सहाला पाच.

यातले पहिले दोन आकडे पुन्हा वाचा. एकटी तुकडी अर्ध्यात जाते आणि दुसरी उभी केली की किंमत एकदम दीडवर जाते. म्हणजे दुसऱ्या तुकडीने हल्लेखोराचा पूर्ण एक जास्तीचा बळी घेतला. का? कारण ती बचावाला दुसरा फासा मिळवून देते. तिसरी तुकडी तेवढं करत नाही. ती पाऊणएक खर्च वाढवते. शिबंदी ठेवताना याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही, म्हणून तिच्याकडे परत येऊ.

साखळी चढाईत किंमतीला अजून एक शेपूट असतं. जिंकलेल्या प्रत्येक प्रदेशात एक तुकडी अडकून पडते. समजा ओळीने तीन प्रदेश घ्यायचे आहेत आणि त्यांत अनुक्रमे एक, एक आणि दोन तुकड्या आहेत. तुमच्या मोकळ्या सहा. ‘सहाला चार’ असं वाटतं, पण चला मोजू. पहिला प्रदेश: अर्धी गेली, साडेपाच आत शिरल्या, त्यांतली एक तिथेच राहणार, मोकळ्या साडेचार. दुसरा: अर्धी गेली, चार शिरल्या, एक राहिली, मोकळ्या तीन. तिसऱ्या प्रदेशापुढे तुम्ही तीन घेऊन उभे आहात आणि तिथे दोन आहेत. शक्यता ६६ टक्के, तीही तोवरचं नशीब सरासरी राहिलं तर. आठ मोकळ्यांनी सुरुवात केली असती, तर तिथे पाच घेऊन पोचला असता आणि तीच शक्यता ८९ झाली असती. साखळी आखताना नेहमी शेवटच्या लढाईपासून मागे या: तिथे किती हवेत, त्यात वाटेतल्या प्रत्येक प्रदेशाची एकेक आणि फाशांचा खर्च मिळवा.

कुठे थांबायचं, ते आधी ठरवा

चढाई सुरू झाली की दर फेकीनंतर थांबायची मुभा असते. ती फारसं कोणी वापरत नाही. दोन-तीन दानं वाईट पडली की माणूस ईर्ष्येला पेटतो: आता एवढं गेलंच आहे, तर घेऊनच सोडतो. फाशाला मागचं काही आठवत नाही. गेलेल्या तुकड्या हिशेबातून काढून टाका आणि उरलेल्यांवर शिडी नव्याने लावा.

थांबण्याची खूण सोपी आहे. मोकळ्या तीनच्या खाली आल्या, म्हणजे तिसरा फासा गेला, आणि समोर अजून दोन किंवा जास्त आहेत, तर थांबा. तिथून पुढे दोनाला दोनची ३६ टक्केवाली लढाई आहे, आणि हरलात तर तुमचा स्वतःचा प्रदेश एका तुकडीवर येतो. समोर एकच उरली असेल तर मात्र दोन मोकळ्यांनीही जा. चारांत तीन वेळा मिळते.

शिबंदी: शिडी उलटी लावा

आता मागे किती ठेवायचं. यासाठी वेगळा नियम नाही. शेजाऱ्याच्या खुर्चीत बसा आणि त्याच्या बाजूने तीच शिडी चढा. त्याच्या सीमेवर किती तुकड्या आहेत, त्यातून एक वजा, आणि पाळी आल्यावर त्याला जी कुमक मिळेल ती अधिक. कुमक म्हणजे त्याच्या प्रदेशांची संख्या भागिले तीन, निदान तीन, आणि खंडांचा बोनस असेल तर तो वेगळा. नवे खेळाडू पटावर दिसतं तेवढंच मोजतात आणि ही न दिसणारी तीन विसरतात. तुमच्यासमोर आज तीन आहेत, पण तुमच्यावर चाल होईल तेव्हा त्या सहा असतील.

कार्डंही पाहा. एखाद्याच्या हातात पाच असतील तर त्याला तीन कार्डांचा संच देऊन तुकड्या घ्याव्याच लागतात, आणि नेहमीच्या वाढत्या क्रमात पहिला संच चार तुकड्यांचा, मग सहा, आठ, दहा, बारा, पंधरा असं वर जातं. तीन-चार कार्डं असलेला शेजारीही संच काढू शकतो. अशा वेळी दोन-चार जास्त ठेवून काही होत नाही. एकतर त्याच्या वाटेतून बाजूला राहा, नाहीतर त्याला दुसऱ्या कुणाचा माल स्वस्त दिसेल असं बघा.

शेवटचं वाक्य गमतीने लिहिलेलं नाही. शिबंदीचं काम हल्ला अशक्य करणं हे क्वचितच असतं. तेवढ्या तुकड्या कोणाकडेच नसतात. तिचं काम किंमत वाढवणं असतं. म्हणून सीमेवर एकटी तुकडी शक्यतो ठेवू नका. एक असेल तर शेजारी अर्ध्या तुकडीच्या खर्चात कार्ड घेऊन जातो, दोन असतील तर त्याला दीड मोजावी लागते, आणि मग तो दुसरीकडे एकटी कुठे आहे ते शोधतो. उलट, ज्या प्रदेशाला शत्रूचा शेजारच नाही, तिथे एकच ठेवा. आतल्या प्रदेशात तीन तुकड्या पाहिल्या की मला हळहळ वाटते. त्या सुटीवर आहेत.

मी हे महाग शिकले. ऑस्ट्रेलिया माझा होता आणि त्याच्या तोंडावर सयाम धरून बसले होते, नऊ तुकड्यांनी. सयामला ऑस्ट्रेलियाबाहेरचे शेजारी दोनच, भारत आणि चीन. मी भारतावर गेले, झटक्यात जिंकले, आणि उत्साहाच्या भरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या भारतात नेल्या. सयामात एक. चीनमध्ये दुसऱ्याच्या तीनच तुकड्या दिसत होत्या. त्याची पाळी आली, तीन कुमक त्याने चीनमध्ये टाकली, पाच मोकळ्या झाल्या. सयाम एका फेकीत गेला, पाठोपाठ इंडोनेशिया, जिथे मी अर्थात एकच ठेवली होती. माझ्या सात तुकड्या भारतात दिमाखात उभ्या होत्या आणि खंडाचा बोनस गेला होता. भारत जिंकल्यावर निम्म्या मागे ठेवल्या असत्या, किंवा इंडोनेशियात दोन जास्त असत्या, तरी त्याने विचार केला असता.

एक पूर्ण पाळी

आता सगळं एकत्र करून पाहू. दक्षिण अमेरिकेतले व्हेनेझुएला, पेरू आणि अर्जेंटिना तुमचे आहेत. ब्राझील दुसऱ्याचं, तिथे तीन तुकड्या. ते मिळालं तर खंड पूर्ण, आणि पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत टिकला तर दोनचा बोनस. व्हेनेझुएलात पाच, पेरूत तीन, अर्जेंटिनात एक. कुमक तीन मिळाली.

खंड पूर्ण झाल्यावर बाहेरून दोनच दारं राहतात: मध्य अमेरिकेतून व्हेनेझुएला आणि उत्तर आफ्रिकेतून ब्राझील. मध्य अमेरिकेत एका खेळाडूची एक तुकडी आहे, उत्तर आफ्रिकेत दुसऱ्या एकाच्या तीन. दोघांनाही तीन तीन कुमक मिळणार आणि कार्डं अजून फारशी नाहीत. म्हणजे व्हेनेझुएलावर येऊ शकणाऱ्या मोकळ्या तीन (एक अधिक तीन वजा एक), ब्राझीलवर येऊ शकणाऱ्या पाच.

कुमक सगळी व्हेनेझुएलात टाका. तिथे आठ, मोकळ्या सात. समोर तीन, फरक चार, शक्यता ९१ टक्के. सरासरी खर्च सव्वादोनच्या आसपास, म्हणजे साधारण पाच मोकळ्या उरतील. चढाईआधीच पुढचं ठरवा: उरलेल्या पाचही ब्राझीलमध्ये घालायच्या, व्हेनेझुएलात एक राहील, आणि पाळीअखेरच्या हालचालीत पेरूतल्या दोन व्हेनेझुएलात आणायच्या. मग ब्राझील पाच, व्हेनेझुएला तीन, आत एकेक. दोन्ही दारांवर फरक शून्य, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना निम्मी शक्यता. शिवाय उत्तर आफ्रिकेवाला जिंकला तरी त्याच्या बऱ्याच तुकड्या जातील आणि तो बराचसा रिकामा होईल. एवढं पाहून बहुतेक जण दुसरीकडे बघतात.

पेरूच्या त्या दोन तुकड्या इथे कळीच्या आहेत. हल्ल्यात त्या वापरल्या नाहीत, पण पेरू व्हेनेझुएलालाही लागून आहे आणि ब्राझीललाही, म्हणून शेवटी त्या कुठेही जाऊ शकतात. पाळीअखेरची हालचाल एकदाच आणि एका प्रदेशातून एकाच प्रदेशात होते, हे विसरून दोन्हीकडे एकेक पाठवायचा बेत आखू नका.

फासे टाका. पहिलं दान: तुमचे ६, ४, २, त्याचे ५, ४. सहाने पाच मारला, पण चाराला चार बरोबरी, ती त्याची. एकेक गेली. तुमच्या मोकळ्या सहा, त्याच्या दोन.

दुसरं दान: तुमचे ५, ३, १, त्याचे ६, ३. पाच सहापुढे हरला, तीन बरोबरीत हरला. दोन्ही तुमच्या गेल्या. आता चार मोकळ्या, समोर दोन. इथे बरेच जण वैतागून घाईने पुढचे फासे उचलतात. थांबून शिडी लावा: फरक दोन, शक्यता ७९ टक्के, तीन फासे अजून हातात आहेत. पुढे जाणं योग्य, आणि योग्य का ते ठाऊक असताना जाणं वेगळं.

तिसरं दान: तुमचे ५, ५, २, त्याचे ४, ३. दोन्ही गेल्या, ब्राझील तुमचं. पण खर्च तीन झाला, बेतापेक्षा जास्त. व्हेनेझुएलात पाच उभ्या आहेत. शेवटची फेक तीन फाशांची होती, म्हणून ब्राझीलमध्ये किमान तीन न्याव्याच लागतील.

आता एक तुकडी कमी आहे आणि कुठलं तरी दार थोडं किलकिलं राहणार. एक वाट: चार ब्राझीलमध्ये, पेरूच्या दोन व्हेनेझुएलात. ब्राझील चार, व्हेनेझुएला तीन. उत्तर आफ्रिकेला ६४ टक्के, मध्य अमेरिकेला ४७. दुसरी वाट: तीन ब्राझीलमध्ये, दोन व्हेनेझुएलात राहू द्या, पेरूच्या दोन ब्राझीलमध्ये. ब्राझील पाच, व्हेनेझुएला दोन. उत्तर आफ्रिकेला ५१, मध्य अमेरिकेला ६६.

आकडे इथे जवळपास सारखे आहेत, आणि सारखे असतात तेव्हा ते बाजूला ठेवून माणसांकडे बघायचं. दोघांपैकी कोणाला तुमचा खंड मोडण्यात खरा रस आहे? उत्तर आफ्रिकेवाला आफ्रिका जमवत असेल, तर त्याच्या तीन तुकड्या आधी तिकडे लागतील. मध्य अमेरिकेवाल्याकडे एकच तुकडी आहे, म्हणजे व्हेनेझुएलावर यायचं तर त्याला सगळी कुमक तिथेच ओतावी लागेल आणि बाकीच्या सीमा तशाच सोडाव्या लागतील. शिवाय तीन मोकळ्यांनी व्हेनेझुएला जिंकलाच, तरी त्याच्याकडे फार तर तीनच तुकड्या उरतील आणि पुढच्या पाळीत तुम्ही तो परत घेऊ शकता. मी असते तर दुसरी वाट धरली असती: ब्राझीलमध्ये पाच, व्हेनेझुएलात दोन. एक कार्ड उचललं असतं आणि उत्तर आफ्रिकेवाल्याच्या हातात किती कार्डं झाली, ते पुन्हा एकदा मोजलं असतं.